गावात जन्मलो, म्हणून गावाचे देणे लागतो का?

प्रश्न : "माझे गाव तासगाव तालुक्यात आहे, पण मी पंधरा वर्षे नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. गावात माझी दोन एकर जमीन आहे, ती भाऊ कसतो आणि निम्मा वाटा मला देतो. यंदा गावाने दर उंबऱ्याला पाच हजारांची पट्टी बसवली आहे; निम्मी रक्कम ओढ्यावरच्या बंधाऱ्याला आणि निम्मी देवळाच्या जीर्णोद्धाराला. मला कोणी विचारले नाही. कारण विचारले तर म्हणतात, 'गावात जन्मलास, मग गावाचं देणं लागतोसच.' समुदायवादी विचारवंतांबद्दल थोडे वाचले आणि गोंधळ वाढला. माणूस समुदायातूनच घडतो हे मला पटते; पण म्हणून मी न कबूल केलेले कर्तव्य माझ्यावर येते का? आणि येत असेल, तर देशाबद्दलचे कर्तव्यही याच जातीचे समजायचे का?"

उत्तर :

सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी एकोणतीस वर्षे एम. ए.च्या वर्गांना राजकीय सिद्धान्त शिकवला आणि तितकीच वर्षे स्वतःच्या गावच्या यात्रेच्या बैठकीत जाजमावर बसलो. 'मी कशाचा घडलो आहे' आणि 'मी कोणाचे काय देणे लागतो' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समुदायवाद्यांचा खरा जोर पहिल्यावर आहे. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे आपोआप मिळते असे वाटू लागते, आणि तिथेच घोटाळा होतो. आपल्या बाबतीतले अंतिम उत्तर मात्र एका गोष्टीवर अवलंबून आहे, जी आपण लिहिलेली नाही : पट्टी बसवणाऱ्या बैठकीत कोण बसले होते आणि पावती पुस्तक गावातल्या कोणकोणत्या घरी गेले. ती गोष्ट का महत्त्वाची, हे पुढे येईलच.

आधी समुदायवाद बाजूला ठेवून, निव्वळ उदारमतवादी हिशेबाने पट्टीकडे पाहू. या परंपरेत बंधनाचा पहिला आधार म्हणजे संमती. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याच्यापुढे आपल्यासारखीच अडचण होती, कारण राज्याला उघड संमती दिलेले लोक मोजकेच असतात. म्हणून त्याने मूक संमती मांडली : जो राज्याच्या हद्दीत जमीन धरतो, किंवा नुसता रस्त्यावरून मोकळेपणाने चालतो, त्याने संमती दिलीच असे समजावे. डेव्हिड ह्यूमने १७४८ साली यावर दिलेला दाखला मी दरवर्षी वर्गात सांगत असे. एखाद्याला झोपेत उचलून जहाजावर ठेवले आणि जाग आल्यावर सांगितले की तू जहाज सोडत नाहीस, त्या अर्थी कप्तानाचा हुकूम तुला मान्य आहे. आता सोडायचे म्हणजे समुद्रात उडी टाकायची, तर याला संमती कसे म्हणावे? गावातल्या जन्मालाही हाच आक्षेप लागू पडतो. जमीन विकली नाही, एवढ्यावरून गावाच्या प्रत्येक ठरावाला आपला होकार आहे असे निघत नाही.

दुसरा आधार न्याय्य सहभागाचा आहे. दहा जणांनी कष्टाने एखादी सोय उभी केली आणि अकराव्याने तिचा लाभ घेतला, तर वाटा उचलणे त्याच्याकडे लागते. हा विचार एच. एल. ए. हार्टने १९५५ साली मांडला. रॉबर्ट नोझिकने १९७४ साली त्याला हरकत घेतली, की मी न मागता माझ्या अंगावर लाभ टाकायचा आणि मग बिल पाठवायचे, हे चालणार नाही. उदाहरण म्हणून त्याने एक वस्ती कल्पिली, जिथे शेजारी पाळीपाळीने ध्वनिक्षेपकावरून सर्वांची करमणूक करतात. मी खिडकीत बसून ते ऐकले, एवढ्यावरून माझ्या पाळीच्या दिवशी मी दिवसभर राबले पाहिजे असे होते का? यातून एक भेद पुढे आला, लाभ नुसता पोचणे आणि लाभ स्वीकारणे यांतला. आपल्या दोन एकरांना बंधाऱ्याचा उपयोग होत असेल, ओढ्यात पाणी अडले की विहिरीला पाणी टिकत असेल, भाऊ त्यावर मोटर चालवत असेल आणि निम्मा वाटा आपल्या घरी येत असेल, तर आपण लाभ स्वीकारला आहे. मग बंधाऱ्याची निम्मी पट्टी आपल्याकडे लागते, आणि ते ठरवायला माणूस समुदायाने घडतो की नाही या चर्चेची गरजच पडत नाही. शेत ओढ्यापासून दूर आणि उंचावर असेल, तर हा युक्तिवाद लंगडा पडतो.

अडचण देवळाच्या निम्म्या पट्टीची आहे. तिथे मोजता येईल असा लाभ नाही आणि संमतीही नाही. उदारमतवादाचा तिसरा आधार, म्हणजे न्याय्य संस्थांना साथ देण्याचे नैसर्गिक कर्तव्य, इथे उपयोगी नाही. जॉन रॉल्सने १९७१च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे, की सर्वसाधारण नागरिकांवर काटेकोर अर्थाने राजकीय बंधन येत नाही, कारण त्यांनी स्वेच्छेने काही पत्करलेले नसते. त्यांच्यावर असते ते हे नैसर्गिक कर्तव्य. पण हे कर्तव्य कोणत्याही न्याय्य संस्थेबाबत सारखेच असते. ए. जॉन सिमन्सने १९७९ साली नेमके यावर बोट ठेवले : नॉर्वेची राज्यव्यवस्था माझ्या देशाहून अधिक न्याय्य असेल, तर मी कर नॉर्वेला का भरू नये? 'माझ्याच' देशाला का? 'माझ्याच' गावाला का? समुदायवाद्यांचे बोलणे इथून सुरू होते, आणि इथपर्यंतचा रस्ता न चालता त्यांचे वाचन सुरू केले, तर ते नुसते भावनिक वाटते.

त्यांचे म्हणणे मी आपल्या भागातल्या दोन रिवाजांतून समजावीत आलो. पैऱ्याने काम करणे आपण लहानपणी पाहिले असेल. आज चार घरची माणसे माझ्या भांगलणीला आली, तर उद्या मी त्यांच्याकडे जायचे. दिवसाला दिवस, माणसाला माणूस. पैरा फेडला की देणे संपते, आणि दुसऱ्या वर्षी कोणी पैऱ्यात आला नाही तर लोक त्याला वाईट म्हणत नाहीत. आता मयतीचे पाहा. गल्लीत कोणी गेले की माणसे हातातले काम टाकून जातात. 'त्यांच्या घरचे आमच्याकडे दोन वेळा आले होते, मी तीन वेळा गेलो, आता माझा हिशेब पुरा झाला' असे कोणी म्हटले, तर आपण त्याला व्यवहारी म्हणत नाही. याला नाते कळलेलेच नाही असे म्हणतो. तिथे जाणे हे कशाची फेड म्हणून नसते. 'आपण त्यांच्यातले आहोत' या वाक्याचा अर्थच त्या जाण्यात असतो.

मायकेल सँडेलचे १९८२चे पुस्तक हाच फरक मांडते. समुदाय समजण्याच्या तीन तऱ्हा तो सांगतो. पहिल्या तऱ्हेत माणसे आपापला मतलब साधण्यासाठी एकत्र येतात. दुसरीत एकमेकांविषयी जिव्हाळाही असतो, तरी माणूस आधी पुरता घडलेला असतो आणि जिव्हाळा नंतर जडतो. तिसरीत समुदाय माणसाच्या घडणीतच असतो. तो वजा केला, तर 'मी' म्हणून जे उरते ते ओळखू येत नाही. रॉल्सने कल्पिलेल्या मूळ स्थितीत माणसे अज्ञानाच्या पडद्याआड बसून न्यायाची तत्त्वे निवडतात. आपण कोणाच्या पोटी जन्मलो, कोणत्या धर्माचे, कशावर जीव असलेले, हे त्यांना ठाऊक नसते. सँडेल विचारतो, की इतके सगळे काढून घेतल्यावर निवड करायला उरला कोण? अशा माणसाला तो 'बंधमुक्त स्व' म्हणतो आणि सांगतो, की त्याला काही निवडता येईल, पण आपल्या आयुष्यात आधीच काय आहे हे शोधता येणार नाही. मयतीला जाणारा माणूस जाण्याचा पर्याय निवडत नसतो. त्याला तो आपल्या अंगी सापडतो.

चार्ल्स टेलरचा १९७९चा युक्तिवाद मला याहून बळकट वाटतो, कारण तो उदारमतवाद्याला त्याच्याच अंगणात गाठतो. आपण मुक्तपणे निवड करणारी व्यक्ती आहात आणि त्या निवडीला फार मोल आहे, हे मान्य. पण निवड करण्याची ताकद कुणी एकट्याने कमावत नाही. भाषा, शाळा, चर्चेची सवय, कायद्याचा आधार असलेल्या समाजातच ती वाढते. मग त्या ताकदीला मोल देणाऱ्याने, ती ज्या समाजात वाढते तो टिकवण्याचे कर्तव्य नाकारायचे, हे विसंगत होते. मात्र टेलरचा युक्तिवाद नेमके 'या' गावाचे देणे सिद्ध करीत नाही. निवडीची ताकद वाढवणारा समाज टिकवायचे देणे तेवढे सिद्ध करतो. गावच्या शाळेसाठी पट्टी असती, तर टेलर थेट आपल्या कारभाऱ्यांच्या बाजूने बोलला असता. देवळासाठी त्याला बराच वळसा घ्यावा लागेल.

आता तो घोटाळा. 'समुदायाने मला घडवले' हे वर्णन आहे, आणि 'म्हणून मी समुदायाचे ऐकले पाहिजे' हा आदेश. मधला दुवा कोणता? सिमन्सचा आक्षेप असा, की एखाद्या भूमिकेत मी स्वतःला सापडलो आणि लोक तिच्याकडून काही अपेक्षा ठेवतात, एवढ्याने ती अपेक्षा न्याय्य ठरत नाही. मला माझ्या घडणीने बोली दिली, ओव्या दिल्या, शेजारधर्म दिला. त्याच घडणीने कोणाच्या घरचे पाणी प्यायचे नाही हेही दिले. घडण हाच पुरावा धरला, तर दोन्ही सारख्याच बंधनकारक होतात.

हे मला पुस्तकाआधी एका प्रसंगाने शिकवले. आमच्या गावात यात्रेच्या आधी पंधरा दिवस चार कारभारी पावती पुस्तक घेऊन घरोघर फिरत. पुस्तक चावडीपासून निघे आणि ओढ्याच्या फरशीपाशी मागे वळे. फरशीपलीकडच्या वस्तीत ते कधी जात नसे. 'त्यांच्यावर कशाला भार,' असे मोठी माणसे म्हणत, आणि लहानपणी मला तो दयाळूपणा वाटे. मी नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी पलीकडच्या वस्तीतले एक शिक्षक बैठकीला आले आणि त्यांनी एकशे एक रुपये जाजमावर ठेवले. एका कारभाऱ्याने नोटेवरचा तो रुपया बोटाने नीट केला, दोन्ही परत त्यांच्याकडे सरकवले आणि शांतपणे म्हणाला, "गुरुजी, राहू द्या. तुमची गरज नाही." बैठकीत चाळीस-पन्नास माणसे होती. मीही होतो, आणि मी काही बोललो नाही.

त्या दिवशी मला कळले, की वर्गणी मागणे हा भार नाही, ती ओळख आहे. ज्याच्याकडे देणे मागत नाहीत, तो आपला नाही असे ठरलेले असते. ही गोष्ट निव्वळ हक्कांच्या भाषेत पकडता येत नाही. उदारमतवादी म्हणेल, की त्या शिक्षकांचे एकशे एक रुपये वाचले, नुकसान काय झाले? जे झाले ते कर्तव्य नाकारले जाण्याचे नुकसान होते, आणि ते समजायला समुदायवाद्यांचीच भाषा लागते. पण त्याच प्रसंगाने त्यांच्या भाषेचा अपुरेपणाही दाखवला. समुदाय कर्तव्ये ठरवतो हे खरे. पण समुदायात कोण, हे आधीच आत बसलेली माणसे ठरवतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ही बाजू बालपणापासून ठाऊक होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या ज्या शाळेत त्यांचे नाव घातले गेले, तिच्या गावाने त्यांनाही घडवले होते. ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर म्हटले आणि मसुद्याने खेडे टाकून व्यक्तीला एकक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. हे भाषण समुदायवादाला दिलेले नकारात्मक उत्तर म्हणून वाचले जाते. मला ते अर्धेच वाचन वाटते, कारण बंधुतेवर त्यांच्याइतका भर देणारा माणूस नाती नको म्हणत नव्हता. व्यक्तीला एकक मानल्याने फरशीपलीकडच्या माणसाला बैठकीत बसण्याचा असा आधार मिळाला, जो बैठकीच्या मर्जीवर नव्हता.

मधला दुवा मला सापडला तो रोनाल्ड ड्वॉर्किनकडे, आणि तो स्वतः उदारमतवादी होता. १९८६ साली त्याने मान्य केले, की कुटुंब, मैत्री, राजकीय समाज यांतली कर्तव्ये संमतीविनाही येतात. पण त्याने अटी घातल्या. कर्तव्ये त्या गटातल्यांची खास असावीत. ती एका सदस्याने दुसऱ्याला थेट देणे असावीत. त्यांच्या मुळाशी प्रत्येकाच्या बऱ्यावाईटाची काळजी असावी. आणि ती काळजी सर्वांची सारखी असावी. शेवटच्या अटीत सगळे वजन आहे. सारखी काळजी याचा अर्थ सर्वांना सारखे काम असा नाही. पालखीचा मान एका घराकडे, दिवटीचा दुसऱ्याकडे, हे चालते. एका घराचे असणे नसणे हिशेबातच नाही, हे चालत नाही. तिथे नाते उरत नाही, आणि नात्यातून येणारे कर्तव्यही उरत नाही.

यावर विद्यार्थी विचारीत, की मग अशा गावाचे काहीच देणे नाही का? माझे उत्तर अलास्डेर मॅकिन्टायरकडून येते. त्याच्या मते जिवंत परंपरा म्हणजे ती परंपरा कशासाठी आहे याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या चाललेला वाद. परंपरेतला माणूस म्हणून मला वारसा मिळतो, त्यात कर्जेही मिळतात आणि तो वाद पुढे चालवण्याची जागाही मिळते. बाहेरच्याने म्हटले 'तुमची यात्रा अन्यायाची आहे', तर कारभारी त्याला चहा पाजून वाटेला लावतील. आतला म्हणाला, तर ऐकावे लागते. दोन वर्षांनी आम्ही पाच जणांनी सांगितले, की पुस्तक फरशी ओलांडून गेल्याशिवाय आमच्या पावत्या फाडू नका. आम्ही पैसे नाकारले नव्हते. ते पाकिटात घालून बैठकीत समोर ठेवले होते. एक वर्ष पाकिटे तशीच पडून राहिली, भावकीत दोन घरांचे बोलणे बंद झाले, आणि तिसऱ्या वर्षी पुस्तक पलीकडे गेले. पालखीही त्या वस्तीतून जावी, हा वाद त्यानंतर आणखी चार वर्षे चालला.

असे आडवे जाणाऱ्या घराला एखाद्या गावाने वाळीत टाकले तर काय, हाही प्रश्न येतो. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा जुलै २०१७पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. पट्टी दिली नाही म्हणून कोणाला मयतीत, लग्नात, यात्रेत येऊ न देणे या कायद्याखाली येऊ शकते. आपल्याला कोणी तसा धाक घातला असेल, तर तिथे कर्तव्याची चर्चा थांबते. धाकाने वसूल केलेल्या रकमेला देणे म्हणता येत नाही.

आता देशाविषयी. सँडेल इथे एकजुटीची कर्तव्ये असा तिसरा वर्ग मानतो. ती नैसर्गिक कर्तव्यांसारखी सर्व मानवांप्रती नसतात आणि करारासारखी पत्करलेलीही नसतात. मला हे मान्य आहे. पण गावाचे बंधन ताणून देशाचे होत नाही, कारण देशात बहुसंख्य लोक एकमेकांना कधी पाहणार नसतात, म्हणून मयतीची उपमा तिथे पुरी पडत नाही. तरी नाते राजकीय बंधनाचे काम कसे करते, हे याच मातीत दिसले आहे. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भागही होता, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३च्या सुमारास प्रतिसरकार उभे राहिले आणि १९४६पर्यंत चालले. गावोगावच्या न्यायदान मंडळांचे निवाडे लोक मानीत. त्या सरकारला लेखी संमती कोणी दिली नव्हती आणि कायद्याने ते बेकायदा होते. कायदेशीर सरकार मात्र लोकांना परके वाटत होते. बंधन कागदावरून येत नाही, 'हे आपले' या जाणिवेतून येते, याचा याहून जवळचा दाखला मला माहीत नाही. आणि त्याच काळात फितुरांना दिलेल्या शिक्षा आठवल्या, की ज्याला 'आपला नाही' ठरवले त्याच्यावर हीच जाणीव किती कठोर होऊ शकते, हेही दिसते. देशाच्या बाबतीत म्हणूनच सारख्या काळजीची अट नुसत्या सद्भावनेवर सोडता येत नाही. ती मताधिकार, न्यायालये आणि मूलभूत हक्क यांत बांधावी लागते.

आपल्या पट्टीपुरते माझे मत सांगतो. बंधाऱ्याचे अडीच हजार, शेताला त्याचा उपयोग होत असेल तर, भावाच्या हाती या महिन्यातच पाठवावेत. तिथे आपल्याकडे सबब नाही. देवळाच्या अडीच हजारांबाबत भावाला दोन गोष्टी विचाराव्यात. पुस्तक गावातल्या सगळ्या वस्त्यांत गेले का, आणि बाहेरगावी राहणाऱ्यांना व बायकांना बैठकीत बोलता येते का. दोन्हींचे उत्तर होय असेल आणि देवावर श्रद्धा नसली तरी त्या गावाला आपण 'माझे' म्हणत असाल, तर मी देईन. देऊळ हे तिथे लोकांच्या बसण्या-उठण्याचे, निवाड्याचे, लग्नाच्या अक्षतांचेही ठिकाण असते. श्रद्धेचा कठोर विरोध असेल, तर तेवढीच रक्कम शाळेच्या किंवा पाण्याच्या कामाला देतो असे बैठकीत उघड सांगावे. गाव ते मानते असा माझा अनुभव आहे. उत्तर नाही असेल, तर पैसे पाकिटात घालून, ते का देत नाही हे सांगायला आपण स्वतः बैठकीला जावे. बैठक बहुधा रविवारी रात्री जेवणानंतर असते. पुण्याहून दुपारी निघालात तरी वेळेत पोचता येते.